राण्यांची लिंक चालते, शिंद्यांची मधेच का तुटते?

प्रश्न: मुलुंडला आमची ८४ घरांची सोसायटी आहे, मी सेक्रेटरी. दर वर्षी माहितीचा फॉर्म भरून घेण्यासाठी प्रत्येकाला वेगळी लिंक मेलने जाते. ती पाठवणारा छोटा पीएचपी प्रोग्रॅम एका सदस्याच्या मुलाने लिहिला होता, तो आता परदेशात असतो. लिंक अशी असते (पत्ता बदलून लिहितोय): `https://soc.example/f?w=B&n=304&nav=शिंदे`. राणे, जोशी, कदम यांची लिंक नीट उघडते. कुलकर्णी, देशपांडे, शिंदे यांची अर्धी निळी दिसते आणि उरलेली खालच्या ओळीत काळी. शिंदेकाकांचा फॉर्म उघडतो, पण नावाच्या जागी ‘शिंद’ आणि पुढे चौकोनी खूण येते. शिवाय नोटिशीचा मजकूर कवितेसारखा अरुंद ओळींत दिसतो, तो का कळत नाही. सगळ्यांना मेलचं अ‍ॅप बदलायला सांगू का?

उत्तर: अ‍ॅप कुणालाच बदलायला लावू नका. शिंदेकाकांचा फोन ठीक आहे, त्यांचा मेलही ठीक आहे. लिंक त्यांच्याकडे पोचायच्या आधीच तुटलेली आहे, आणि ती तुमच्या त्या छोट्या प्रोग्रॅमनेच तोडली आहे, असं मी जवळजवळ खात्रीने म्हणतो. ‘जवळजवळ’ एवढ्यासाठीच की प्रोग्रॅम मी पाहिलेला नाही. पण तुम्ही नावांची जी यादी दिलीत आणि जाता जाता ती कवितेची गोष्ट सांगितलीत, त्यातच सगळं आलंय.

आधी एक साधी तपासणी करा, म्हणजे माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. लिंक दोन ओळींत ‘दिसणं’ आणि लिंक ‘तुटणं’ या वेगळ्या गोष्टी आहेत. फोनचा पडदा अरुंद असला की लांब लिंक तीन-चार ओळींत वळतेच, तरी ती एकसंध असते आणि कुठेही बोट ठेवलं तरी पूर्ण उघडते. तेव्हा शिंदेकाकांना फोन आडवा धरायला सांगा. लिंक वळायची जागा सरकली तर ते नुसतं दिसणं होतं. फोन उभा धरा की आडवा, ओळ त्याच अक्षरापाशी मोडत असेल, तर तिथे खरोखरचं ओळ-चिन्ह पडलेलं आहे. अर्धी निळी आणि अर्धी काळी हीसुद्धा त्याचीच खूण. साध्या मजकुरातली लिंक मेलचं अ‍ॅप स्वतः शोधून निळी करतं. `https` दिसलं की तिथून सुरुवात, आणि मोकळी जागा किंवा नवी ओळ आली की थांब, इतकाच त्याचा नियम. पुढच्या ओळीतला तुकडा लिंकचाच आहे हे त्याला कळायला मार्ग नसतो.

आता नावांकडे या. राणे चालतात आणि शिंदे चालत नाहीत, म्हणून तुम्ही बुचकळ्यात पडलात, कारण डोळ्यांना दोन्ही नावं सारखीच लहान. पण लिंकमध्ये देवनागरी अक्षर जसंच्या तसं जात नाही. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि लिंकमध्ये त्यातला प्रत्येक बाइट `%E0` असा तीन अक्षरांनी लिहावा लागतो. म्हणजे एका चिन्हाची नऊ अक्षरं होतात. यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं धरली जातात. राणे म्हणजे र, काना, ण, मात्रा: चार. जोशीही चार. कदम तीनच. शिंदे मात्र श, वेलांटी, अनुस्वार, द, मात्रा असे पाच होतात. कुलकर्णी आणि देशपांडे प्रत्येकी आठ.

तुमच्या लिंकचा `nav=` पर्यंतचा भाग मोजला, तो ३६ अक्षरांचा आहे. त्यात राण्यांची ३६ मिळवली की ७२. शिंद्यांची ४५ मिळवली की ८१. म्हणजे ७२ची लिंक वाचते आणि ८१ची तुटते, तर सुरी या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी पडते आहे. मेलच्या जगात या टापूत एक फार प्रसिद्ध आकडा आहे: ७६. शिंदेकाकांची लिंक ७६व्या अक्षरावर कापून पाहू:

```
https://soc.example/f?w=B&n=304&nav=%E0%A4%B6%E0%A4%BF%E0%A4%82%E0%A4%A6%E0%
A5%87
```

पहिल्या ओळीत श, वेलांटी, अनुस्वार आणि द ही चार चिन्हं पूर्ण आली, म्हणून ‘शिंद’. पाचवी मात्रा `%E0%A5%87` अशी आहे, तिचं `%E0%` इतकंच वर राहिलं आणि बाकीचं खाली गेलं. अर्ध्या मात्रेचं काय करायचं हे फॉर्मला कळेना, म्हणून त्याने चौकोन दाखवला. तुम्ही सांगितलेलं लक्षण अक्षरशः जुळतं. खात्री करायची असेल तर जीमेलमध्ये तीन टिंबांच्या मेनूतून `Show original` उघडा आणि लिंकची पहिली ओळ मोजा.

हा ७६ आला कुठून? जुन्या टर्मिनलच्या पडद्यावर एका ओळीत ८० अक्षरं मावत. मेलचे नियम त्या काळात घडले. आजचा नियम, २००८चा आरएफसी ५३२२, सांगतो की ओळ ७८ अक्षरांच्या आत असावी, आणि ९९८च्या वर जाताच कामा नये. पहिली शिफारस आहे, दुसरी सक्ती. पुढे उत्तरात उद्धृत करताना ओळीआधी `>` लावायची पद्धत होती, त्याला जागा राहावी म्हणून मेल लिहिणारे ७२ ते ७६लाच ओळ मोडू लागले. आउटलुकमध्ये साध्या मजकुराची ओळ किती अक्षरांवर मोडायची याची एक सेटिंग आहे, तिथेही ७६ लिहिलेलं सापडेल. मजकूर शब्दांच्या मधल्या मोकळ्या जागेत मोडला तर कुणाचं काही बिघडत नाही. पण लिंकमध्ये मोकळी जागाच नसते. तिथे काही प्रोग्रॅम समजूतदारपणे लिंक तशीच पुढे जाऊ देतात, तर काही ७६ म्हणजे ७६ म्हणून करवत चालवतात.

तुमच्या प्रोग्रॅममध्ये ही करवत कशी दिसेल तेही सांगतो. पीएचपीच्या माहितीपुस्तिकेत `mail()` बद्दल लिहिताना ओळी ७० अक्षरांच्या आत ठेवा असं म्हटलंय आणि त्यासाठी `wordwrap` वापरून दाखवलंय. नवशिके ते उचलतात. त्या मुलाने बहुधा असं काही लिहिलं असेल:

```php
$body = wordwrap($body, 76, "\n", true);
```

सगळा घोटाळा शेवटच्या `true` मध्ये आहे. तो नसेल तर `wordwrap` फक्त मोकळ्या जागेत मोडतं आणि लांब शब्दाला हात लावत नाही. `true` दिलं की ‘शब्द मावत नसेल तर कापून टाक’ असा हुकूम होतो. आणि तुमच्या कवितेचंही रहस्य इथेच आहे. हे फंक्शन अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं. मराठी चिन्ह तीन बाइटचं, म्हणून ७६ बाइटांत जेमतेम पंचवीस चिन्हं मावतात, म्हणजे चार-पाच शब्द झाले की ओळ मोडली. इंग्रजी नोटीस पाठवली असती तर ओळी ठीक दिसल्या असत्या आणि मला हा धागा मिळाला नसता!

आज रात्रीच मेल पाठवायचे असतील तर तो `, true` खोडा. लिंक वाचेल. कविता राहील, पण फॉर्म भरले जातील.

सवड असेल तर मात्र `wordwrap` ही ओळच काढून टाका आणि मजकूर सांकेतिक रूपात पाठवा. ही कल्पना नीट समजून घेण्यासारखी आहे. आमच्या लालबागच्या चाळीत लाकडी कपाट वर चढवायचं झालं की जिना आडवा यायचा. सुतार कपाट कापायचा नाही, स्क्रू काढून फळ्या सुट्या करायचा आणि वर जाऊन पुन्हा जोडायचा. मेलमध्ये अशी सुटं करून जोडायची ठरलेली पद्धत १९९०च्या दशकातल्या माइम नियमांनी दिली. तिचे दोन प्रकार आहेत, कोटेड-प्रिंटेबल आणि बेस६४. दोन्हींत प्रवासातली ओळ ७६ अक्षरांचीच असते, पण ती ओळ मोडणं हा मजकुराचा भाग नसतो. पलीकडचा मेल प्रोग्रॅम आधी सगळं जोडतो आणि मग दाखवतो. त्यामुळे आठशे अक्षरांची लिंकही अखंड पोचते.

मराठीसाठी मी बेस६४च घेतो. कोटेड-प्रिंटेबलमध्येही एका मराठी चिन्हाची नऊ अक्षरं होतात, बेस६४मध्ये तीन बाइटांची चार. ‘शिंदे’ एकात ४५ अक्षरांचे, दुसऱ्यात २०चे. इंग्रजी मजकूर असता तर उलट सांगितलं असतं, कारण कोटेड-प्रिंटेबल माणसाला कच्च्या रूपातही वाचता येतं आणि दोष शोधणं सोपं जातं.

```php
$headers = "From: $from\r\n"
  . "MIME-Version: 1.0\r\n"
  . "Content-Type: text/plain; charset=UTF-8\r\n"
  . "Content-Transfer-Encoding: base64";
mail($to, $subject, chunk_split(base64_encode($body)), $headers);
```

`chunk_split` काही आकडा न देता वापरलं की आपोआप ७६वर ओळ मोडतं, म्हणून तिथे काही भरू नका. तुमच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये `$headers` मध्ये आधीपासून आणखी काही असेल तर ते राहू द्या, फक्त एन्कोडिंगची ओळ दोनदा येऊ देऊ नका.

इथे एक चूक हमखास होते. डोक्यावर एक एन्कोडिंग लिहायचं आणि आत मजकूर कच्चाच पाठवायचा. बेस६४ लिहून कच्चा मजकूर पाठवलात तर सगळा मेल गिचमिड दिसेल, निदान लगेच कळेल तरी. कोटेड-प्रिंटेबल लिहून कच्चा पाठवलात तर जास्त वाईट, कारण मेल वरवर बरा दिसतो. त्या पद्धतीत `=` या चिन्हानंतरची दोन अक्षरं म्हणजे एका बाइटचा संकेत असतो, आणि `=30` म्हणजे शून्याचा अंक. तुमच्या लिंकमध्ये `n=304` आहे. ते उलगडून `n04` होतं. लिंक अखंड, पूर्ण निळी, आणि चुकीची! मी एकदा असल्याच दोषामागे पूर्ण दिवस घालवला होता, कारण ज्या आकड्यांचा संकेत लागत नव्हता ते दुवे बरोबर चालत होते आणि आम्ही सगळे सर्व्हरवर संशय घेत बसलो होतो.

‘सरळ एचटीएमएल मेल पाठवा, लिंक शब्दामागे लपवा, तुटायचा प्रश्नच नाही’ असा सल्ला तुम्हाला मिळेल. तो निम्मा खरा आहे. लिंक एचटीएमएलमध्ये तिच्यासाठी असलेल्या `href` या जागेत ठेवली की वाचणाऱ्याच्या अ‍ॅपला ती मजकुरातून शोधावी लागत नाही, म्हणून अर्धी निळी-अर्धी काळी हा प्रकार संपतो. पण तो ९९८चा नियम तिथेही लागू आहे. अंधेरीत एका कंपनीचं मेलचं काम मी पाहत होतो, तिथे डिझाइनवाल्यांनी पानभर एचटीएमएल एकाच ओळीत दिलं होतं. मधल्या सर्व्हरने साधारण हजार अक्षरांना ओळ मोडली आणि मोडल्याची खूण म्हणून उद्गारचिन्ह ठेवलं. सेंडमेल हा जुना सर्व्हर असं करतो. पोस्टफिक्स नवी ओळ आणि एक मोकळी जागा घालतो. ते उद्गारचिन्ह नेमकं एका `href` च्या पोटात पडलं. वाक्यात पडलं असतं तर कुणी लक्षही दिलं नसतं. उपाय तोच, बेस६४ किंवा कोटेड-प्रिंटेबल. मराठीत ही मर्यादा लवकर गाठली जाते हेही ध्यानात ठेवा. ३३३ देवनागरी चिन्हांचा परिच्छेद एकाच ओळीत कच्चा पाठवला की बाइटांनी ९९८ ओलांडले.

एवढं करूनही एक गोष्ट तुमच्या हातात राहत नाही, ती म्हणजे मेल पुढे पाठवणं. विंगचे प्रतिनिधी तुमचा मेल फॉरवर्ड करत असतील आणि त्यांचा प्रोग्रॅम साध्या मजकुरात लिहीत असेल, तर तो नव्याने ओळी मोडणार. तुमचं बेस६४ तिथवर पोचून केव्हाच उलगडलेलं असतं. यावर जुना उपाय म्हणजे लिंक कोनी कंसात ठेवणं, `<https://...>` अशी. लिंकचा नियम सांगणाऱ्या २००५च्या आरएफसी ३९८६मध्ये तशी शिफारस आहे, आणि कंसातली मधली नवी ओळ वाचणाऱ्याने सोडून द्यावी असंही म्हटलंय. पण सगळी अ‍ॅप हे पाळत नाहीत. चाललं तर चाललं, या भावनेने कंस घाला.

माझ्या मते खरा इलाज लिंक लांब होऊच न देणं हा आहे. तुमच्या बाबतीत तर तो अगदी सहज जमतो. B विंगच्या ३०४मध्ये शिंदे राहतात हे सोसायटीच्या यादीत आहेच, मग नाव लिंकमधून पाठवायचं कशाला? शिवाय आज कुणीही लिंकमधला ३०४ खोडून ३०५ लिहिलं तर शेजाऱ्याचा फॉर्म उघडत असणार, ते तपासून पाहा. प्रत्येक घरासाठी एक स्वैर खूण तयार करून यादीत ठेवा आणि लिंकमध्ये तेवढीच पाठवा:

```php
$khun = bin2hex(random_bytes(8));
$link = "https://soc.example/f/" . $khun;
```

ही खूण १६ अक्षरांची, सगळी लिंक ३८ची. राणे असोत की देशपांडे, सगळ्यांची लांबी एकच, आणि ७६च्या निम्म्यावर. फॉरवर्ड करून करून चार-पाच `>` लागले तरी मावते. फॉर्मच्या बाजूने एक बदल लागेल: खूण बरोबर १६ अक्षरांची नसेल किंवा यादीत नसेल, तर रिकामा फॉर्म न उघडता ‘लिंक अपुरी आहे’ असं मराठीत सांगायचं. ही पायरी टाळू नका. तुटलेली लिंक उघडलीच नाही तर माणूस निदान फोन तरी करतो. अर्धवट उघडली तर तो ‘शिंद’ असंच भरून पाठवतो. बाजारातल्या लिंक छोटी करणाऱ्या सेवा मी इथे वापरणार नाही. वयस्क सदस्य अनोळखी पत्त्याला घाबरतात, आणि हल्लीचे फसवणुकीचे मेल पाहता बरोबरच करतात.

मेल लिहिताना लिंक स्वतंत्र ओळीत ठेवा, पुढे पूर्णविरामही नको. मराठीत आपल्याला ‘या https://...वर’ असं प्रत्यय चिकटवून लिहायची सवय असते. काही अ‍ॅप तो ‘वर’ही लिंकमध्ये ओढून घेतात.

आधी गेलेल्या मेलांचं काय, तर नवे पाठवणंच बरं. एखाद्याला आजच भरायचं असेल तर निळा तुकडा कॉपी करून ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत टाकायचा, मग काळा तुकडा त्याला लागून, मधे जागा न सोडता. शिंदेकाकांच्या बाबतीत तो `A5%87` एवढाच आहे.

बदल केल्यावर ८४ जणांना पाठवायच्या आधी दोनच मेल पाठवून पाहा, एक स्वतःला आणि एक फॉरवर्ड करणाऱ्या प्रतिनिधीला, आणि त्याने तो तुम्हालाच परत फॉरवर्ड करावा. तुम्ही जुनीच नाव असलेली लिंक ठेवणार असाल, तर चाचणीला कदम किंवा राणे घेऊ नका. यादीतलं जोडाक्षरांनी भरलेलं सगळ्यांत लांब आडनाव शोधा आणि त्यावर करा.